पहिला कीबोर्ड : मूल लहान, माप मात्र मोठ्यांचंच

मुलांसाठी कीबोर्ड हवाय असं दुकानात सांगितलं की बहुधा दोन प्रकार पुढे येतात. एक असतो टॅबलेटला जोडायचा, अगदी छोट्या बटणांचा. दुसरा रंगीबेरंगी, एकेक बटण इंचभर रुंद असलेला. दोन्ही मुलांसाठी म्हणूनच विकले जातात, आणि दहा बोटांनी, न बघता टायपिंग शिकायचं असेल तर दोन्ही नडतात. सायकल घेताना आपण मुलाच्या उंचीप्रमाणे लहान सायकल घेतो आणि ते बरोबरच असतं. कीबोर्डचं मात्र तसं नाही. इथे बटणांचं माप मोठ्यांचंच ठेवायचं असतं आणि खुर्ची, टेबल, पाय टेकायची जागा ही मुलाच्या मापाची करायची असते. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. कीबोर्ड मुलांचा येतो आणि मूल मोठ्यांच्या टेबलाशी लोंबकळत बसतं.

एकोणीस मिलिमीटरचा हिशेब

नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर अंतर असतं. हे अंतर टाइपरायटरच्या काळापासून चालत आलं आहे. ऑफिसातला संगणक, शाळेच्या लॅबमधला संगणक, बहुतेक लॅपटॉप, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच माप. न बघता टाइप करणारी बोटं अक्षरांच्या जागा अंतरावरून ओळखतात. डाव्या हाताची तर्जनी ‘एफ’वर असताना ‘टी’ किती वर आणि किती उजवीकडे आहे, हे बोटाला सवयीने कळतं. ही सवय १५ मिलिमीटरच्या कीबोर्डवर लागली, तर शाळेतल्या संगणकावर मुलाचं बोट दरवेळी थोडं अलीकडे पडतं आणि पुन्हा मान खाली घालून शोधाशोध सुरू होते.

मोठ्या बटणांच्या कीबोर्डची अडचण वेगळी आहे. नेहमीच्या कीबोर्डवर ‘ए, एस, डी, एफ’ या चार बटणांवर चार बोटं ठेवली की करंगळी आणि तर्जनीमध्ये ५७ मिलिमीटरचं अंतर पडतं. सात-आठ वर्षांच्या मुलाचा हात हे सहज पेलतो. इंचभर बटणांवर तेच अंतर ७५ मिलिमीटरच्या पुढे जातं. बोटं ताणली जातात, हात जागेवर राहत नाही आणि शेवटी मूल दोन तर्जन्यांनी टिचक्या मारू लागतं. ज्या मुलांना नीट दिसत नाही किंवा ज्यांच्या हातांची हालचाल मर्यादित आहे, त्यांच्यासाठी ही मोठी बटणं फार उपयोगाची आहेत. बाकीच्यांनी ती घेऊ नयेत.

दुकानात जाताना खिशात शाळेची पट्टी ठेवा. ‘क्यू’च्या डाव्या कडेपासून ‘पी’च्या डाव्या कडेपर्यंत मोजा. १७ सेंटिमीटरच्या आसपास भरलं तर माप बरोबर आहे. १६ भरलं तरी मुलांच्या हाताला चालून जातं. १५ च्या खाली गेलं तर तो कीबोर्ड परत ठेवा.

मूल अजून तयार आहे की नाही, हेही तिथेच पाहता येतं. डाव्या हाताची चार बोटं ‘ए, एस, डी, एफ’वर ठेवायला सांगा आणि फक्त तर्जनीने ‘टी’ दाबून परत ‘एफ’वर यायला सांगा. मग करंगळीने ‘क्यू’ दाबून ‘ए’वर. दरवेळी सगळा पंजाच उचलून सरकत असेल, तर अजून सहा महिने थांबायला हरकत नाही. साधारण सात-आठव्या वर्षी हे जमू लागतं. त्याआधी अक्षरं ओळखणं, डावीकडची बटणं डाव्या हाताने आणि उजवीकडची उजव्या हाताने दाबणं, एवढंच पुरे.

रुंदी कमी, बटणं तीच

बटणं लहान न करता कीबोर्ड लहान करता येतो. पूर्ण आकाराच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन असतो. त्याला नमपॅड म्हणतात. नमपॅडसह कीबोर्डची रुंदी ४४ सेंटिमीटरच्या आसपास जाते. तो चौकोन काढला की ती ३६ वर येते. दुकानदार अशा कीबोर्डला ‘टीकेएल’ म्हणतात. मुलासाठी हाच प्रकार चांगला, आणि त्याचं कारण जागा वाचते एवढंच नाही.

टायपिंग करताना दोन हातांचा मध्य ‘जी’ आणि ‘एच’च्या मधोमध येतो. कीबोर्डच्या डाव्या कडेपासून ही जागा जेमतेम १३ सेंटिमीटरवर आहे. पूर्ण कीबोर्डचा मध्य मात्र २२ सेंटिमीटरवर असतो. मूल साहजिकच कीबोर्डच्या मध्यासमोर बसतं. मग दोन्ही हात ९ सेंटिमीटर डावीकडे न्यावे लागतात, अंग पिळतं आणि उजवा खांदा पुढे येतो. त्यातच नमपॅडच्या पलीकडे माउस असतो, म्हणजे उजवा हात आणखी लांब जातो. टीकेएल कीबोर्डवर मध्याचा हा फरक सुमारे ५ सेंटिमीटरच राहतो. घरात आधीच पूर्ण आकाराचा कीबोर्ड असेल तर नवा घ्यायची गरज नाही. ‘बी’चं बटण मुलाच्या बेंबीसमोर येईल इतका तो उजवीकडे सरकवा. पंधरा वर्षांखालच्या मुलाला रोजच्या सरावात नमपॅड लागत नाही, त्यामुळे तो बाजूला गेला तरी बिघडत नाही.

याहून लहान, ‘साठ टक्के’ म्हणून मिळणारे कीबोर्डही असतात. त्यांवर बाणांची बटणंही नसतात. ती दुसऱ्या बटणाबरोबर दाबून मिळवावी लागतात. शिकणाऱ्या मुलाला हा जास्तीचा गोंधळ नको.

बटण किती जोर लावून दाबावं लागतं, हा यानंतरचा मुद्दा. त्याची परीक्षा करंगळीने करायची, कारण तेच सर्वांत अशक्त बोट. मुलाला डाव्या करंगळीने ‘ए’ आणि उजव्या करंगळीने ‘पी’ दहा-दहा वेळा दाबायला सांगा. दाबताना मनगट बाहेर वळत असेल किंवा बाकीची बोटं ताठ उभी राहत असतील, तर तो कीबोर्ड त्या हाताला जड आहे. पाचशे-सहाशे रुपयांचे साधे, आत रबराचा पडदा असलेले कीबोर्डही हलके असू शकतात. पण त्यांतले काही पहिल्या दिवसापासून घट्ट असतात. म्हणून हात लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका. दीड-दोन हजारांपासून पुढे मेकॅनिकल कीबोर्ड मिळतात. त्यांत लाल स्विचचा हलका आणि सरळ दबतो. तपकिरी स्विचला दाबताना मधे हलका टप्पा जाणवतो, त्यामुळे अक्षर उमटल्याचं बोटाला कळतं आणि मूल तळापर्यंत बडवत नाही. निळा स्विच मुलांना आवडतो, पण त्याची खटखट शेजारच्या खोलीतही ऐकू जाते.

‘एफ’ आणि ‘जे’ या बटणांवर छोटी उंच रेघ असते. ती बोटाला स्पष्ट लागते का, हे जरूर पाहा. काही स्वस्त कीबोर्डवर ती नावालाच असते. डोळे मिटून या दोन रेघा सापडणं ही टायपिंगची पहिली पायरी आहे. रंगीत दिवे लागणारा कीबोर्ड घ्यायचा असेल, तर दिवे बंद करता येतात याची खात्री करा, कारण चमकणारं बटण मुलाची नजर खाली ओढतं.

जेवणाचं टेबल आणि तिसरीतली मुलगी

आता बसण्याचं बघू. समजा, तिसरीतली एक मुलगी आहे, उंची सुमारे १२५ सेंटिमीटर. घरात जेवणाचं टेबल ७५ सेंटिमीटर उंच, खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटरवर. ती ताठ बसली, खांदे सैल सोडले आणि हात कोपरात काटकोनात वाकवले, की बैठकीपासून तिचं कोपर साधारण १७ सेंटिमीटर वर येईल. म्हणजे जमिनीपासून ६२ वर. टेबल ७५ वर आहे आणि त्यावर कीबोर्डची दोनेक सेंटिमीटर जाडी. तिचं कोपर बटणांच्या १५ सेंटिमीटर खाली आहे. बटणांपर्यंत पोचायला ती खांदे वर उचलते किंवा मनगटं टेबलाच्या कडेवर टेकवून पंजे वर वाकवते. दहा मिनिटांत हात दुखले म्हणून ती उठते आणि आपल्याला वाटतं, हिला आवडच नाही.

टेबल कापता येत नाही, म्हणून मुलीला वर घ्यायचं. खुर्चीवर घट्ट घडीची सतरंजी किंवा न दबणारी गादी ठेवून बैठक १५ सेंटिमीटर उंच करायची. मऊ उशी चालत नाही. ती दबते आणि डुगडुगते. बैठक आता ६० वर आली. तिचे पाय गुडघ्यापासून टाचेपर्यंत साधारण ३१ सेंटिमीटर, म्हणजे ते जमिनीपासून २९ सेंटिमीटर वर लोंबतात. तेवढ्या उंचीचा स्टूल किंवा मजबूत खोकं पायाखाली हवंच. पाय टेकले नाहीत की मूल खुर्चीच्या पायांना विळखा घालतं आणि पुढे सरकून कडेवर बसतं. शेवटचं काम पाठीचं. खुर्चीची बैठक ४२ सेंटिमीटर खोल असेल, तर तिच्या मांडीच्या मानाने ती आठेक सेंटिमीटर जास्त आहे. पाठीमागे तेवढ्या जाडीची उशी ठेवली की पाठ टेकून पाय नीट खाली येतात.

ही मापं त्या मुलीची. तुमच्या मुलाची तुम्हीच टेपने घ्या आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा घ्या.

एवढी रचना नको असेल, तर जमिनीवरची बैठक उत्तम. मूल पाटावर बसवा आणि समोर चौरंग ठेवा. पाट ५-६ सेंटिमीटर उंच, त्यावर कोपर १७, म्हणजे २३ च्या आसपास. बऱ्याच घरांतला चौरंग साधारण याच उंचीचा असतो. गुडघे चौरंगाखाली जाऊ शकले पाहिजेत आणि पाठ भिंतीला टेकली पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांच्या सरावाला ही बैठक पुरते.

कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात. ते उघडले की मागची बाजू उचलली जाते आणि मनगट वर वाकतं. ते मिटूनच ठेवा. मनगट सरळ रेषेत, किंचित अधांतरी राहावं. टाइप करताना ते टेकवायचं नसतं, थांबल्यावर टेकवावं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जराशी खाली असावी आणि पडदा मुलाच्या हातभर अंतरावर असावा. लॅपटॉपवर हे दोन्ही एकाच वेळी साधत नाही. बटणं कोपराच्या उंचीला आणली तर पडदा खाली जातो आणि पडदा वर घेतला तर बटणं खांद्यापर्यंत येतात. घरात लॅपटॉप असताना वेगळा कीबोर्ड का घ्यायचा, याचं खरं उत्तर हे आहे. लॅपटॉप पुस्तकांच्या चवडीवर ठेवा आणि कीबोर्ड खाली.

मूल बसलं की पाच मिनिटांनी बाजूने पाहा. खांदे कानांकडे सरकलेत का, मनगट टेबलाच्या कडेला दाबलं गेलंय का, हनुवटी पुढे आलीय का? यांतलं काही दिसलं तर “नीट बस” म्हणून उपयोग नसतो. बैठक आणखी उंच किंवा खाली करावी लागते. बोटांना मुंग्या येणं किंवा मनगट दुखणं हे थांबायचं लक्षण आहे. विश्रांतीनेही ते गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

खेळ कोणता, कधी

टायपिंगच्या खेळांबाबत एक गोष्ट आधी स्पष्ट असावी. कोणत्याही खेळाला मुलाची बोटं दिसत नाहीत. त्याला फक्त कोणतं बटण दाबलं गेलं ते कळतं. ते करंगळीने दाबलं की तर्जनीने, हे शेजारी बसलेल्या माणसालाच दिसतं. म्हणून पहिले काही आठवडे कोणीतरी जवळ बसणं गरजेचं आहे.

खेळ देण्याआधी तो स्वतः उघडा आणि दोन्ही हातांनी वाटेल ती बटणं बडवून पाहा. तरीही गुण मिळत गेले तर तो खेळ सुरुवातीला उपयोगाचा नाही, कारण तो अचूकतेला किंमत देत नाही. दुसरी गोष्ट, वेग कमी करता येतो का? अक्षरं वरून भराभर पडू लागली की मूल घाबरून एका बोटाने शोधू लागतं आणि आठवडाभराची सवय एका संध्याकाळी मोडते.

सुरुवात मधल्या ओळीपासून करणारे धडे घ्या. बीबीसीचा ‘डान्स मॅट टायपिंग’ हा सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी केलेला खेळ आहे. त्यात चार पातळ्या आणि प्रत्येकीत तीन टप्पे आहेत, आणि तो मधल्या ओळीवरून एकेक अक्षर वाढवत नेतो. सूचना इंग्रजीत आहेत, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलाला पहिले दोन टप्पे शेजारी बसून सांगावे लागतील. ‘टायपिंगक्लब’ पहिल्याच धड्यात ‘एफ’ आणि ‘जे’ देतो आणि पडद्यावर हातांचं चित्र दाखवतो, त्यामुळे कोणतं बोट वापरायचं हे मुलाला खाली न बघता कळतं.

लहान भावंडांसाठी ‘जीकॉम्प्री’ हा मोफत संच चांगला. शोधताना GCompris असं लिहा. त्यात पडणारी अक्षरं आणि पडणारे शब्द टिपण्याचे खेळ आहेत आणि जाहिराती नाहीत. मधली ओळ पक्की झाल्यावर ‘टक्स टायपिंग’ द्या. त्यात अक्षर किंवा शब्द अचूक टाइप केला की पेंग्विन पडणारा मासा खातो. सोप्या पातळीवर ठेवलं तर वेग मुलाला झेपतो. तोही मोफत आहे आणि एकदा संगणकावर घेतला की इंटरनेट लागत नाही, ही गावाकडच्या घरांत मोठी सोय. ‘झेडटाइप’मधली शब्द टिपण्याची लढाई आणि ‘नायट्रो टाइप’मधली गाड्यांची शर्यत ही मोठी आकर्षणं आहेत. ती सगळी अक्षरं न बघता सापडू लागल्यावरच उघडा. शर्यतीत अनोळखी खेळाडू असतात. खातं काढताना मुलाचं खरं नाव आणि शाळा लिहू नका.

लहान मुलांची आणखी एक अडचण मोठ्यांच्या लक्षात येत नाही. पडद्यावर अक्षर लहान लिपीतलं असतं आणि बटणावर मोठ्या लिपीतलं. पहिली-दुसरीतल्या मुलाला हे दोन्ही एकच आहेत हे क्षणात जुळत नाही. बटणांच्या मांडणीचा लहान लिपीतला तक्ता करून पडद्याशेजारी चिकटवला की डोळे वरच राहतात. हातांवर पातळ पंचा टाकला तर खाली बघण्याचा मोहही जातो. पण पंचा रोज दोन मिनिटंच, आणि ओळखीच्या अक्षरांसाठीच. नाहीतर मूल वैतागतं.

रोज दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, एवढा सराव या वयाला पुरतो. त्यात दोन मिनिटं बैठक आणि डोळे मिटून ‘एफ-जे’ शोधणं, पाच मिनिटं धडा, तीन मिनिटं खेळ. शंभर बटणांत पाचपेक्षा जास्त चुका होत असतील तर पुढची अक्षरं देऊ नका. वेग मोजताना पाच बटणांचा एक शब्द धरतात. वर्षाच्या शेवटी आठ वर्षांचं मूल न बघता मिनिटाला दहा-बारा शब्द करत असेल तर ते चांगलं चाललं आहे. राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षेतला मिनिटाला ३० शब्दांचा वेग हे मोठ्यांचं माप आहे. ते तिसरीतल्या मुलापुढे ठेवू नका.

मराठीसाठी : काका आधी, मामा नंतर

इंग्रजी अक्षरांच्या जागा बसल्या की चार-सहा महिन्यांनी मराठी सुरू करावं. दोन्ही एकदम नको. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट ही मांडणी शिकवा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की ‘मराठी’ या नावाने ती मिळते. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याच्या पद्धतीत मुलाला आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवावं लागतं. इन्स्क्रिप्टमध्ये ते थेट क, मग काना असं टाइप करतं.

या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आहेत आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट आणि डावीकडे ओकार, एकार, पाय मोडण्याची खूण, पहिली वेलांटी, पहिला उकार. एवढ्या एका ओळीत रोप, चोर, पोट, केर, पुरे असे शब्द होतात, म्हणजे पहिल्याच आठवड्यात मुलाला खरे शब्द लिहिता येतात. त्यानंतर वरच्या ओळीतला काना घ्या आणि ‘काका’, ‘बाबा’ द्या. उजवा हात, डावा हात, उजवा, डावा अशी लय आपोआप लागते. ‘मामा’ मात्र उशिरा. म ‘सी’च्या बटणावर आणि काना ‘ई’वर. दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडेच येतात आणि ते बोट खाली-वर उड्या मारत राहतं. एक नियम मुलाला आधी सांगून ठेवा. ‘कि’ लिहिताना वेलांटी डावीकडे दिसली तरी टाइप करताना आधी क, मग वेलांटी.

मराठी अक्षरं छापलेला कीबोर्ड शोधत बसू नका. अक्षरं बटणांवर असली की नजर तिथेच जाते. तक्ता पडद्याशेजारी असू द्या.

पैसे मोजकेच असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी पायाखालचा स्टूल आणि घट्ट गादी, मग १९ मिलिमीटरच्या बटणांचा, करंगळीला हलका जाणारा, नमपॅड नसलेला साधा कीबोर्ड. खेळ बहुतेक मोफतच आहेत. पहिले तीन महिने मुलाला वेग विचारू नका. पडद्याकडे बघत टाइप केलं का, एवढंच विचारा.